यीस्ट किती वेगाने वाढले? १९ नोंदींतून r काढताना

१९१३ साली टोर कार्लसन यांनी यीस्टच्या वाढीचे काही आकडे प्रसिद्ध केले. बिअर करताना मोड आणलेल्या जवापासून जे गोडसर पाणी काढतात, त्याला वर्ट म्हणतात. त्या वर्टमध्ये थोडे यीस्ट सोडायचे आणि दर तासाला त्याचे प्रमाण मोजायचे, एवढाच तो प्रयोग. शून्य तासाला ९.६, तासाभराने १८.३, मग २९.०, ४७.२ असे करत अठराव्या तासाला ६६१.८. एकूण नोंदी १९. पुढे १९२७ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी हेच आकडे लोकसंख्यावाढीच्या विवेचनात वापरले आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांतून फिरत आहेत.

या नोंदींना एक साधा प्रश्न विचारू: यीस्टच्या वाढीचा दर किती? उत्तर एका आकड्यात हवे, ताशी अमुक. समीकरणात हा आकडा r या अक्षराने दाखवतात. पायथनमध्ये तो काढायला चार-पाच ओळी पुरतात आणि त्या आज कोणीही लिहू शकतो. पण त्या ओळींतून बाहेर पडलेला आकडा खरोखर कशाचा आहे, हे पाहायला थोडे जास्त थांबावे लागते.

आधी सगळ्यात सोपे गृहीतक घेऊ. जितके यीस्ट जास्त, तितकी वाढ जास्त, म्हणजे dN/dt = rN. हे समीकरण सोडवले की N = N0·e^(rt) मिळते. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला तर ln N = ln N0 + rt, म्हणजे सरळ रेषा, आणि r हा तिचा चढ. सरळ रेषा बसवणे तर शाळेतल्या आलेखाच्या वहीवरही जमते. पायथनमध्ये `np.polyfit` ते काम करते. फक्त एक खोच आहे: रेषा किती नोंदींवर बसवायची? यीस्ट कायम असे वाढणार नाही हे उघड आहे, म्हणून सुरुवातीच्याच नोंदी घ्यायच्या. सुरुवातीच्या म्हणजे किती? हा निर्णय स्वतः घेण्याऐवजी वेगवेगळ्या संख्येने करून पाहू.

```python
import numpy as np
from scipy.optimize import curve_fit

t = np.arange(19)
N = np.array([9.6, 18.3, 29.0, 47.2, 71.1, 119.1, 174.6,
     257.3, 350.7, 441.0, 513.3, 559.7, 594.8, 629.4,
     640.8, 651.1, 655.9, 659.6, 661.8])

for n in (3, 4, 6, 9):
    r, c = np.polyfit(t[:n], np.log(N[:n]), 1)
    print(n, round(r, 3))
```

पहिल्या तीन नोंदींवरून r येतो ०.५५३. चार घेतल्या तर ०.५२४, सहा घेतल्या तर ०.४९०, नऊ घेतल्या तर ०.४४७. हे चार आकडे एकाच यीस्टचे, एकाच दिवसाचे. मोजमापात चुका असत्या तर हे आकडे कधी वर, कधी खाली झाले असते. इथे ते एकाच दिशेने उतरत जातात. जितक्या जास्त नोंदी, तितका कमी दर. स्थिरांक म्हणून जे शोधतो आहोत ते आपण निवडलेल्या खिडकीच्या रुंदीवर अवलंबून असेल, तर बिघाड समीकरणात आहे. एखादा नवखा विद्यार्थी यातला एक आकडा उचलून अहवालात लिहून मोकळा होईल. त्याच्या रेषेचा R² ही ०.९८ च्या वरच येईल, त्यामुळे शंकाही येणार नाही. म्हणून R² बघण्याआधी खिडकी सरकवून बघावी, असे माझे मत आहे. हे करायला मिनिटभरही लागत नाही.

फरक किती मोठा आहे तेही पाहू. यीस्ट दुप्पट व्हायला लागणारा वेळ म्हणजे ln 2 भागिले r. r जर ०.५५३ असेल तर हा वेळ सुमारे ७५ मिनिटे होतो आणि ०.४४७ असेल तर ९३ मिनिटे.

दर का उतरतो याचे कारण वर्टमध्येच आहे. साखर संपत जाते, अल्कोहोल साठत जाते आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याची वाढ कमी होते. हे समीकरणात आणायचा सर्वांत साधा मार्ग १८३८ मध्ये बेल्जियमच्या पिएर फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट यांनी सुचवला होता: दराला (1 − N/K) ने गुणायचे. K म्हणजे त्या भांड्यात, त्या परिस्थितीत यीस्ट जिथे जाऊन थांबते ती पातळी. N लहान असताना कंस जवळजवळ एक असतो आणि जुनेच समीकरण उरते. N जसजसा K च्या जवळ येतो तसतसा कंस शून्याकडे जातो. याला लॉजिस्टिक समीकरण म्हणतात आणि सुदैवाने त्याचे उत्तरही बंद रूपात लिहिता येते:

N(t) = K / (1 + (K/N0 − 1)·e^(−rt))

आता शोधायच्या गोष्टी तीन झाल्या: N0, r आणि K. लॉगरिदमची जुनी युक्ती इथेही चालवता येते. ln(N/(K−N)) हा आलेख सरळ रेषेत येतो आणि तिचा चढ r असतो. संगणक येण्याआधी लोक बहुतेक असेच करत. पण त्यासाठी K आधीच माहीत असावा लागतो आणि शेवटच्या नोंदी तर अगदी दगा देतात. समजा K ६६५ धरला. शेवटची नोंद ६६१.८, म्हणजे K−N झाले ३.२ आणि लॉगरिदम आला ५.३३. ती नोंद चुकून १.५ ने जास्त, म्हणजे ६६३.३ झाली असती, तर K−N फक्त १.७ उरला असता आणि लॉगरिदम ५.९७ झाला असता. सव्वासहाशेच्या वरच्या मोजमापात दीडची चूक ही काहीच नाही. पण लॉगरिदमच्या आलेखावर तीच चूक एका तासाहून जास्त वाढीएवढी दिसते. नोंदी K च्या जवळ गेल्या की सरळ रेषेची सोय आपल्यावरच उलटते.

म्हणून नोंदींना हात न लावता त्यांच्यावर थेट वक्र बसवायचा. सायपायमधले `curve_fit` हेच करते. दिलेल्या सूत्रात तीन आकडे घालून वक्र काढायचा, प्रत्येक नोंदीपासून तो किती दूर आहे ते मोजायचे, त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज करायची, आणि ही बेरीज लहान होईल अशा दिशेने तिन्ही आकडे थोडेथोडे हलवत राहायचे. बेरीज आणखी कमी होत नाही तिथे थांबायचे.

```python
def vadh(t, N0, r, K):
    return K / (1 + (K/N0 - 1) * np.exp(-r*t))

p, C = curve_fit(vadh, t, N, p0=[9.6, 0.5, 660])
print(p)
print(np.sqrt(np.diag(C)))
```

`p0` ही सुरुवातीची अटकळ. ती वगळता येते, पण मग सायपाय तिन्ही आकडे १ धरून सुरू करते आणि आपल्या सूत्रासाठी ही जागा वाईट आहे. K आणि N0 सारखे झाले की (K/N0 − 1) शून्य होते आणि r कितीही बदलला तरी वक्र आडव्या रेषेसारखाच राहतो. पहिल्या पावलाला r कुठे हलवावा याचा काही सुगावाच लागत नाही. अटकळ काढणे मात्र अवघड नाही. पहिली नोंद हा N0, शेवटची नोंद म्हणजे जवळपास K, आणि r साठी मघाची लॉगरिदमची रेषा. ती रेषा उत्तर म्हणून कमी पडली तरी सुरुवात म्हणून उत्तम आहे.

उत्तर येते ते असे: N0 सुमारे ९.१, r = ०.५४७, K = ६६३.०. `C` या कोष्टकाच्या कर्णावरच्या आकड्यांचे वर्गमूळ घेतले की प्रत्येकाची प्रमाण त्रुटी मिळते. r ची ती सुमारे ०.००६, K ची १.७, N0 ची ०.४ च्या आत. म्हणजे दुप्पट व्हायला लागणारा वेळ ७६ मिनिटे. पर्ल यांनी याच नोंदींसाठी १९२७ मध्ये दिलेल्या वक्रात r ०.५३५५ आणि K ६६५ आहे. हाताने केलेल्या आकडेमोडीला हे चांगलेच जवळ आहे.

आता खिडकीची तीच परीक्षा या नव्या समीकरणालाही लावता येते, पण इथे दुसरी अडचण येते. फक्त पहिल्या नऊ नोंदी ठेवल्या, म्हणजे यीस्ट K च्या जेमतेम निम्म्यावर आले आहे अशा वेळी थांबलो, तर K किती हे नोंदींना माहीतच नसते. मोजमापातले विखुरणे तेवढेच धरले तरी r ची प्रमाण त्रुटी सुमारे चौपट होते आणि K ची तिसेक पट. वक्र वळायला लागला आहे एवढे दिसते. तो किती उंचीवर आडवा होईल हे तो प्रत्यक्ष आडवा होईपर्यंत सांगता येत नाही. साथीच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तिचा कळस सांगणारे अंदाज याच कारणाने फसतात.

`C` मध्ये कर्णाबाहेरही आकडे असतात आणि बहुतेक लोक ते पाहत नाहीत. या नोंदींत r आणि N0 यांचा सहसंबंध सुमारे −०.९६ येतो. याचा अर्थ असा, की वक्राची सुरुवात जरा खालून केली आणि चढ जरा वाढवला, तर मधला सगळा वक्र जवळजवळ होता तसाच राहतो. नोंदींना या दोन वक्रांतला फरक फारसा कळत नाही. त्यातून एक नेहमीची चूक होते. पहिली नोंद ९.६ आहे ना, मग N0 = ९.६ पक्का करून टाकू आणि फक्त r, K शोधू, असे वाटते. तसे केले तर r सुमारे ०.५४० वर उतरतो आणि त्याची प्रमाण त्रुटी तिसऱ्या हिश्श्यावर येते. उत्तर जास्त नेमके दिसते, पण तो नेमकेपणा आपण उसना आणलेला असतो. पहिली नोंदही बाकीच्यांसारखीच एक मोजणी आहे. तिच्यातही चूक असू शकते, आणि तिला अचूक मानले की ती चूक सरळ r मध्ये जाऊन बसते. N0 ला मोकळे ठेवलेले बरे.

इथवर सगळे ठीक चालले आहे असे वाटते, कारण वक्र आणि नोंदी एका आलेखावर काढल्या तर डोळ्याला फरकच दिसत नाही. फरक दिसायला तो वेगळा काढावा लागतो: `N - vadh(t, *p)`. पहिल्या चार तासांचे फरक येतात साधारण +०.५, +२.७, +२.५, +२.६. शेवटचे चार +०.८, +०.३, +०.९, +१.३. मध्ये −५, +५, −७ असे उलटसुलट आहेत. सर्वांत मोठा फरक बाराव्या तासाचा, −७.४, पण सहाशेजवळच्या नोंदीत तो सव्वा टक्काच आहे. माझे लक्ष मात्र पहिल्या चारांकडे जाते. तासाभरानंतरच्या १८.३ या नोंदीत २.७ चा फरक म्हणजे जवळपास पंधरा टक्के. शिवाय चारही फरक एकाच बाजूला. सुरुवातीला वक्र नोंदींच्या खालून जातो आहे.

याचे एक कारण `curve_fit` च्या हिशोबात आहे. काही सांगितले नाही तर ते सगळ्या नोंदींची चूक सारखीच मोठी धरते. मग सहाशेच्या नोंदीतला ५ चा फरक आणि वीसच्या नोंदीतला ५ चा फरक यांना एकच किंमत मिळते. मोजणी अशी नसते. यीस्टचे प्रमाण मोजताना चूक बहुधा टक्क्यात येते: जितके मोठे प्रमाण तितकी मोठी चूक. तसे मानायचे असेल तर `curve_fit` ला `sigma=N` द्यायचे, म्हणजे प्रत्येक फरकाला त्याच्या नोंदीने भागले जाते. असे केले की लहान नोंदींचा आवाज ऐकू येतो. वक्राची सुरुवात वर ओढली जाते, N0 वाढतो, आणि मघाच्या त्या सहसंबंधामुळे r खाली सरकतो. पर्ल यांचा वक्र शून्य तासाला ९.९ वरून निघतो आणि त्यांचा r आपल्यापेक्षा कमी आहे, हे याच दिशेचे आहे. दोन्हीपैकी बरोबर कोणता, हे संगणक सांगू शकत नाही. मोजणीची पद्धत माहीत असलेल्या माणसानेच ते ठरवायचे. तोवर दोन्ही करून पाहावे आणि r किती हलतो ते लिहावे. छापलेल्या ०.००६ पेक्षा तो हललेला आकडाच अनिश्चिततेबद्दल जास्त खरे सांगतो.

कारण ०.००६ हा आकडा दोन अटींवर उभा आहे: फरक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि समीकरण बरोबर आहे. सलग चार अधिक चिन्हे दिसली की दोन्ही अटींवर शंका येते. समीकरणाच्या आकारातली चूक प्रमाण त्रुटीत कधीच मोजली जात नाही.

घटणाऱ्या गोष्टींना हीच सगळी चौकट लागू पडते, फक्त K ची जागा दुसरे कोणी घेते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेरियम-१३७एमचा ऱ्हास मोजतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे अडीच मिनिटे, म्हणून तासाभरात प्रयोग आटोपतो. गायगर काउंटरचे आकडे लॉगरिदमच्या आलेखावर आधी सरळ उतरतात आणि मग आडवे होतात. सूत्रात N0·e^(−kt) एवढेच ठेवले तर खिडकी वाढवत गेल्यावर k उतरत जातो, अगदी यीस्टच्या r सारखा. कारण काउंटर भोवतालचा किरणोत्सार कायम मोजत असतो. सूत्रात `+ b` वाढवले आणि b लाही शोधायच्या आकड्यांत घेतले की k स्थिर होतो. गायगर मोजणीतली चूक मात्र यीस्टसारखी टक्क्यात नसते, ती मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. म्हणून तिथे `sigma=np.sqrt(N)`.

परत यीस्टकडे येऊन r चा अर्थ पाहू. ०.५४७ हा दर कार्लसन यांच्या भांड्यात कोणत्याही तासाला नव्हता. समीकरणाप्रमाणे शून्य तासालाच तो ०.५४७ गुणिले (1 − 9.1/663), म्हणजे सुमारे ०.५४० होता आणि पुढे उतरतच गेला. r हा गर्दी अजिबात नसती तर असला असता असा दर आहे, सगळ्या १९ नोंदींवरून मागे जाऊन काढलेला. प्रत्यक्ष पहिल्या तासात ९.६ चे १८.३ झाले, म्हणजे ln(18.3/9.6), ताशी ०.६४५. दुसऱ्या तासात ०.४६०, तिसऱ्यात ०.४८७. पहिल्या तासाचा तो उंच आकडा ९.६ मोजण्यातल्या चुकीने आला, की नव्या वर्टमध्ये पडलेले यीस्ट खरोखरच आधी वेगळ्या चालीने वाढत होते, हे या १९ नोंदींतून ठरत नाही. त्यासाठी पहिल्या दोन तासांत दर दहा मिनिटांनी मोजावे लागेल.